दोन टक्के पाण्याचा हिशोब

कोणत्याही महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत खालच्या फडताळात संहत सल्फ्युरिक आम्लाची अडीच लिटरची बाटली असते. तिच्या लेबलवर तीन आकडे हमखास सापडतात. रेणुवस्तुमान ९८.०८. शुद्धता ९८ टक्के. एका मिलिलिटरचे वजन १.८४ ग्रॅम. एवढ्या तीन आकड्यांवरून त्या बाटलीतल्या द्रावणाची संहती तीन वेगवेगळ्या भाषांत सांगता येते, आणि बारावीच्या परीक्षेत तेच विचारले जाते: मोलॅरिटी किती, मोलॅलिटी किती, मोल-अपूर्णांक किती? उत्तरे येतात १८.३, ५०० आणि ०.९०.

पहिले आणि तिसरे उत्तर विद्यार्थी मुकाट्याने लिहून मोकळे होतात. पाचशे हा आकडा मात्र बहुतेकांना खटकतो. कुठेतरी शून्य जास्त पडले असावे असे वाटून ते गणित पुन्हा करतात आणि पुन्हा पाचशेवरच येऊन थांबतात. आकडा बरोबर आहे. तो एवढा मोठा का आहे हे एकदा उमगले, की या तीन मापांमधला फरक पाठ करावा लागत नाही.

आधी हिशोब पाहू. लेबलवरचे १.८४ हे जरा गोळाबेरीज केलेले असते. २० अंश सेल्सिअसला ९८ टक्के आम्लाची घनता १.८३६ आहे. तेव्हा या आम्लाचा बरोबर एक लिटर डोळ्यांसमोर आणायचा. त्याचे वजन १८३६ ग्रॅम. टक्केवारी वजनाची आहे, आकारमानाची नाही, म्हणून त्या १८३६ ग्रॅमपैकी ९८ टक्के, म्हणजे सुमारे १७९९ ग्रॅम आम्ल आहे आणि उरलेले जेमतेम ३७ ग्रॅम पाणी. पुढची सगळी उत्तरे या दोन वजनांतूनच निघतात.

आम्लाचे १७९९ ग्रॅम भागिले ९८.०८ केले की १८.३४५ मोल येतात. ते एका लिटरमध्ये आहेत, म्हणून मोलॅरिटी १८.३. मोलॅलिटीसाठी याच मोलांना पाण्याच्या किलोग्रॅमने भागायचे. पाणी आहे ०.०३६७२ किलो. भागाकार येतो सुमारे ५००. मोल-अपूर्णांकासाठी पाण्याचेही मोल काढायचे: ३६.७२ भागिले १८.०१५, म्हणजे २.०४. आम्ल आणि पाणी मिळून २०.३८ मोल, त्यांतले १८.३४५ आम्लाचे, म्हणून ०.९०. पाण्याच्या दर एका रेणूमागे आम्लाचे नऊ रेणू. वजनात पाणी दोनच टक्के दिसते, पण पाण्याचा रेणू हलका असल्यामुळे संख्येत त्याचा वाटा दहा टक्के भरतो.

तिन्ही उत्तरांत वरचा आकडा, म्हणजे आम्लाचे मोल, एकच आहे. बदलतो तो भाजक. मोलॅरिटीत भाजक संपूर्ण द्रावणाचे आकारमान असते, मोल-अपूर्णांकात सगळ्या मोलांची बेरीज. मोलॅलिटीत मात्र भाजक फक्त द्रावकाचे वजन असते, आणि इथे तो द्रावक जवळजवळ संपत आलेला आहे. म्हणून पाचशे हा आकडा आम्लाच्या विपुलतेपेक्षा पाण्याच्या टंचाईबद्दल जास्त सांगतो.

हे नीट दिसण्यासाठी लेबलवरची आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बऱ्याच बाटल्यांवर शुद्धता नेमकी ९८ अशी नसून ९५ ते ९८ टक्के अशी लिहिलेली असते. मोलॅरिटीच्या दृष्टीने या दोन टोकांत फारसे अंतर नाही: ९५ टक्क्यांना १७.८, ९८ टक्क्यांना १८.३. फरक तीन टक्क्यांचा. मोल-अपूर्णांक ०.७८ वरून ०.९० वर जातो. आणि मोलॅलिटी? ९५ टक्क्यांना ती १९४ असते, ९६ ला २४५, ९७ ला ३३०, ९८ ला ५००. ९९ टक्क्यांना ती हजारावर जाते. ९८ वरून ९९ वर जाताना आम्ल एका टक्क्याने वाढले, पण पाणी निम्मे झाले, म्हणून मोलॅलिटी दुप्पट. शंभर टक्क्यांना पाणीच उरत नाही आणि मोलॅलिटीला काही अर्थ राहत नाही.

त्यामुळे एकाच बाटलीचे लेबल मोलॅरिटीपुरते पुरेसे नेमके आणि मोलॅलिटीपुरते अगदीच मोघम असू शकते. एकाच लेबलवरून निघालेली १८ आणि ५०० ही दोन उत्तरे वहीत शेजारी शेजारी, सारख्याच विश्वासाने लिहिलेली असतात, पण त्यांची विश्वासार्हता सारखी नसते.

परीक्षेत सर्वांत जास्त गुण जिथे जातात ती चूकही या भाजकाचीच आहे. घाईत विद्यार्थी मोलांना द्रावकाऐवजी संपूर्ण द्रावणाच्या वजनाने भागतो. १८.३४५ भागिले १.८३६ केले की ९.९९ येते. दहा हे उत्तर दिसायला सोज्वळ, शहाणे वाटते, म्हणून संशयही येत नाही. प्रत्यक्षात ते पन्नास पटीने चुकलेले असते. विरल द्रावणात हीच चूक केली तर ती लपून राहते, कारण तिथे द्रावण आणि द्रावक यांच्या वजनात नगण्य फरक असतो. शाळेपासून विरल द्रावणांचीच गणिते केलेल्या मुलांना मोलॅरिटी आणि मोलॅलिटी जवळजवळ सारख्याच असतात अशी सवय लागते, आणि संहत आम्लाने ती सवय मोडते.

चूक पकडायची एक सोपी तपासणी आहे. एक किलो पाण्यात ५५.५१ मोल पाणी असते. म्हणून मोलॅलिटी भागिले (मोलॅलिटी अधिक ५५.५१) केले की मोल-अपूर्णांक यायलाच हवा. ५०० भागिले ५५५.५ म्हणजे ०.९०, जुळले. मोलॅलिटी दहा धरली तर हाच भागाकार ०.१५ येतो, आणि आम्लाने भरलेल्या बाटलीत आम्लाचे रेणू शंभरात फक्त पंधरा, हे पटण्यासारखे नाही. या तपासणीत ना घनता लागते ना टक्केवारी.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. वजनात ९८ टक्के असलेल्या पदार्थाला विरघळलेला आणि दोन टक्के असलेल्या पाण्याला विरघळवणारा का म्हणायचे? हा फक्त संकेत आहे. बाटलीवर ‘जलीय’ असे गृहीत धरले, म्हणून पाणी द्रावक. उलटे धरले, म्हणजे आम्ल द्रावक आणि पाणी द्राव्य मानले, तर पाण्याची मोलॅलिटी येते फक्त १.१३. या दुसऱ्या बाजूने पाहणारे संशोधक खरोखरच होते. रेणूंचे आकार सांगणारा व्हीएसईपीआर सिद्धांत ज्यांच्या नावाने अकरावीत शिकवला जातो त्या रोनाल्ड गिलेस्पी यांनी शंभर टक्के सल्फ्युरिक आम्लालाच द्रावक मानून त्यात वेगवेगळे पदार्थ विरघळवले आणि त्याचा गोठणबिंदू किती उतरतो ते मोजले. त्या मोजणीत मोलॅलिटी होती ती आम्लाच्या दर किलोग्रॅममागे. शिवाय ९८ टक्के आम्लातले ते थोडे पाणी साधे पाणी म्हणून उरलेलेच नसते. आम्ल त्याला प्रोटॉन देते आणि त्याचा H₃O⁺ आयन होतो. मोल-अपूर्णांकातला ‘दर नवामागे एक’ हा हिशोब म्हणजे बाटलीत काय ओतले त्याचा हिशोब आहे. आत प्रत्यक्षात काय पोहते आहे, ते तो सांगत नाही.

क्लासमध्ये आणखी एक सूत्र दिले जाते, मोलॅरिटीवरून थेट मोलॅलिटी काढण्याचे: हजार गुणिले मोलॅरिटी, भागिले (हजार गुणिले घनता, वजा मोलॅरिटी गुणिले रेणुवस्तुमान). सूत्रात काही खोट नाही. छेदातली वजाबाकी म्हणजे एका लिटरचे एकूण वजन वजा त्यातले आम्ल, म्हणजे पाणी. पण आपल्या आम्लात ती वजाबाकी १८३६ वजा १७९९ अशी आहे. दोन मोठे, जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा होतात आणि हाती छोटासा आकडा उरतो. अशा वेळी वरच्या आकड्यांतली किरकोळ गोळाबेरीजही उत्तरात मोठी होऊन उतरते.

करून पाहिले तर चकित व्हायला होते. मोलॅरिटी १८.३४५ धरली तर मोलॅलिटी पाचशेच्या आसपास येते. तीच १८.४ अशी लिहिली, घनता तशीच १.८३६ ठेवली, तर छेदात ३७ ऐवजी ३१ उरतात आणि मोलॅलिटी ५८७ होते. घनताही लेबलप्रमाणे १.८४ घेतली तर ५२१. मोलॅरिटीतला हजारात तीनचा फरक मोलॅलिटीत सतरा टक्क्यांनी वाढून आला. म्हणून संहत आम्लासाठी मोलॅरिटीच्या वाटेने मोलॅलिटीकडे जाऊच नये. टक्केवारीतून पाण्याचे वजन थेट मिळते, तिथूनच सुरुवात करावी. शंभर ग्रॅम द्रावण घेतले तर ९८ ग्रॅम आम्ल, २ ग्रॅम पाणी. घनतेची गरजसुद्धा पडत नाही. मोलॅलिटी आणि मोल-अपूर्णांक ही दोन्ही वजनावर आधारलेली मापे आहेत. घनता लागते ती फक्त मोलॅरिटीसाठी, कारण तिच्यात लिटर येतो.

मग ही घनता येते कुठून? ती मोजावीच लागते, शुद्ध आम्ल आणि शुद्ध पाण्याच्या घनतांवरून काढता येत नाही. गाडीच्या बॅटरीतले ॲसिड हे याचे चांगले उदाहरण. बॅटरीचे काम करणारा माणूस काचेच्या नळीतला हायड्रोमीटर आत घालून ‘ग्रॅव्हिटी’ पाहतो, आणि १.२८ च्या आसपास वाचन आले की चार्जिंग पूर्ण झाले म्हणतो. हे साधारण ३७ टक्के सल्फ्युरिक आम्ल असते. ३७ ग्रॅम शुद्ध आम्लाचे आकारमान २०.२ मिलिलिटर, ६३ ग्रॅम पाण्याचे ६३.१, बेरीज ८३.३ मिलिलिटर व्हायला हवी. प्रत्यक्षात ते १०० ग्रॅम मिश्रण ७८.३ मिलिलिटरमध्येच मावते. पाच मिलिलिटर कुठे गेले? आम्ल आणि पाणी यांचे रेणू एकमेकांना इतक्या जोराने ओढून घेतात की मिश्रण आकसते आणि सोबत प्रचंड उष्णता बाहेर पडते. आकारमानांची बेरीज करून मोलॅरिटी काढली तर ती सहा टक्क्यांनी कमी येईल. खरी मोलॅरिटी आहे ४.८, मोलॅलिटी ६.०, मोल-अपूर्णांक ०.०९७. या पातळीवर तिन्ही मापे समजूतदारपणे वागतात.

बॅटरीत हायड्रोमीटर कामाला येतो, कारण त्या टप्प्यात टक्केवारी वाढली की घनताही ठळकपणे वाढते. संहत आम्लात मात्र हेच उपकरण मुके होते. ९५ टक्क्यांना घनता १.८३४, ९६ ला १.८३५, ९७ आणि ९८ ला १.८३६, आणि त्यानंतर ती वाढायची सोडून घसरू लागते: ९९ ला १.८३४, १०० ला १.८३१ च्या जवळ. ९४ टक्क्यांची घनताही १.८३१ च आहे. म्हणजे हायड्रोमीटरने १.८३१ दाखवले तर आम्ल ९४ टक्के आहे की १००, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. आम्लाच्या कारखान्यांत या पट्ट्यात घनतेऐवजी विद्युतवाहकता किंवा ध्वनीचा वेग मोजून टक्केवारी ठरवतात, त्याचे कारण हेच. लेबलवर घनता आणि टक्केवारी असे दोन्ही आकडे छापलेले असतात, पण इथे पहिल्यावरून दुसरा ताडून पाहता येत नाही.

इतर आम्लांत मात्र ताडून पाहता येतो, आणि पाहावाच. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातले एक गणित असंख्य विद्यार्थ्यांनी सोडवले आहे: प्रयोगशाळेतले नायट्रिक आम्ल ६८ टक्के, घनता १.५०४, मोलॅरिटी काढा. १५०४ चे ६८ टक्के, भागिले ६३, उत्तर १६.२३. गणित म्हणून यात काहीच चूक नाही. पण २० अंशांना ६८ टक्के नायट्रिक आम्लाची घनता सुमारे १.४०५ असते. १.५०४ ही घनता त्या तापमानाला जवळपास ९९ टक्के आम्लाची, म्हणजे हवेत धुरकटणाऱ्या अगदी वेगळ्या द्रवाची आहे. खऱ्या बाटलीची मोलॅरिटी १५.२ भरते. एका पदार्थासाठी, एका तापमानाला, टक्केवारी ठरली की घनताही ठरते. दोन्ही आकडे मनाला येतील तसे निवडता येत नाहीत. दिलेली जोडी घनतेच्या तक्त्यात बसते का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि ही सवय गणिताच्या पेपरापेक्षा प्रयोगशाळेत जास्त उपयोगी पडते.

तापमानाचा उल्लेख वारंवार आला तो उगीच नाही. सल्फ्युरिक आम्लाची घनता दर अंशामागे साधारण ०.००१ ने कमी होते. पुस्तकी २० अंशांऐवजी मे महिन्यातल्या नागपूरच्या एखाद्या खोलीत आम्ल ४० अंशांवर असेल, तर घनता १.८१६ च्या आसपास येते आणि तीच बाटली १८.३ ऐवजी १८.१५ मोलर होते. बाटलीतले काही कमी झालेले नाही, लिटर तेवढा फुगला. मोलॅलिटी आणि मोल-अपूर्णांक मात्र जागचे हलत नाहीत, कारण वजन तापमानाने बदलत नाही. उत्कलनबिंदू, गोठणबिंदू यांसारख्या, तापमान बदलत ठेवून केलेल्या प्रयोगांत मोलॅलिटी वापरतात ती म्हणूनच.

रोजच्या कामात तरीही मोलॅरिटीच लागते, कारण पिपेट आणि ब्युरेट आकारमानच मोजतात. एक लिटर एक मोलर आम्ल करायचे असेल तर १००० भागिले १८.३४५, म्हणजे ५४.५ मिलिलिटर संहत आम्ल घ्यायचे. आधी मोठ्या चंचुपात्रात अर्ध्याहून जास्त पाणी, मग त्यात आम्ल बारीक धारेने, सतत ढवळत. पाणी आम्लात ओतले तर वरच्या थरातच ते उकळते आणि आम्ल तोंडावर उडते. द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच ते मोजफ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत पाणी भरायचे. गरम असतानाच खुणेपर्यंत भरले तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते आणि मोलॅरिटी चुकते.

एवढे करूनही द्रावण नेमके एक मोलर झाले असे धरून चालत नाहीत. बाटली ९८ ची होती की ९५ ची, हे अजून कळलेले नसते. त्यासाठी सुमारे २७० अंशांना वाळवलेले निर्जल सोडियम कार्बोनेट २.१२ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल, पाण्यात विरघळवतात, मिथिल ऑरेंजचे दोन थेंब घालतात आणि ब्युरेटमधून तयार केलेले आम्ल सोडत जातात. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचे. आम्ल बरोबर एक मोलर असेल तर २० मिलिलिटर लागते. बाटली ९५ टक्क्यांची निघाली तर तेच ५४.५ मिलिलिटर आम्ल लिटरभर द्रावणाला ०.९७ मोलच देते, आणि ब्युरेटवर वाचन येते सुमारे २०.७. अर्ध्या मिलिलिटरहून जास्त असलेला हा फरक नवशिक्यालाही दिसतो.

या अनुमापनावरून उलट गणित करून मूळ बाटलीची मोलॅरिटी पक्की करता येते, टक्केवारीही. पण काळजीने केलेल्या अनुमापनातही टक्केवारीत ०.२ इकडेतिकडे राहतेच. ९७.८ धरले तर मोलॅलिटी ४५३ येते आणि ९८.२ धरले तर ५५६. म्हणून या बाटलीची मोलॅरिटी १८.३ अशी दशांशासह लिहायला हरकत नसते, आणि मोलॅलिटीपुढे ‘सुमारे ५००’ एवढेच लिहिता येते.